एकोणीस नवे पैसे

मोठीआईच्या वहीवर तारीख नाही. पहिलं पान फाटून गेलंय, पुठ्ठ्याचा वरचा अर्धा भाग वाळवीनं खाल्लाय, आणि पुढच्या जवळजवळ ऐंशी पानांत कुठेही साल नाही, शक नाही, साधा महिनासुद्धा नाही. गोडधोडाच्या कृती, बाळंतिणीचे काढे, मधेच दोन-चार ओव्या, आणि शेवटाकडे वाणसामानाचे हिशेब. मोठीआई म्हणजे माझ्या आईची आजी, माझी पणजी. गिरगावातल्या चाळीतली खोली रिकामी करताना पत्र्याच्या पेटीत ही वही सापडली. आईनं ती हातात घेतली आणि लगेच सांगून टाकलं, "ही तिनं माहेरून आणलेली वही. लग्नाच्या आधीची." लग्न झालं १९३१ साली, ते मात्र घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे.

मी ती वही टाइप करायला घेतली ती नुसती जपून ठेवायची म्हणून. साल शोधायचं डोक्यात नव्हतं. पण अक्षर न् अक्षर उतरवून काढताना जे दिसतं ते नुसतं वाचताना दिसत नाही. वाचताना आपण अर्थाकडे धावतो. टाइप करताना प्रत्येक काना-वेलांटीपाशी थांबावं लागतं.

आणि तरी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. मी मोबाइलवर टाइप करत होते. वहीत "नाहीं" होतं, कीबोर्डनं "नाही" सुचवलं आणि मी ते घेत गेले. "कांहीं"चं "काही" झालं, "घालावें"चं "घालावे". बारा पानं अशी साफसूफ झाल्यावर लक्षात आलं की वहीचं वय ज्यावरून कळलं असतं, नेमकं तेच मी पुसत चालले होते. ती बारा पानं काढून टाकली आणि पुन्हा सुरुवात केली, या वेळी संगणकावर, सुचवण्या बंद करून. खाडाखोड दिसली तर तीही तशीच लिहायची, ओळीच्या वर घुसडलेला शब्द आला तर "वर, वेगळ्या शाईत" अशी नोंद करायची, आणि शंका असेल तिथे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकायचं. एवढे तीन नियम मला शेवटपर्यंत पुरले.

आता त्या अनुस्वारांबद्दल. आज आपण ज्या नियमांनी लिहितो ते मराठी साहित्य महामंडळाचे, सरकारनं १९६२ साली मान्य केलेले. त्याआधी शाळेत न उच्चारले जाणारे अनुस्वारसुद्धा द्यावे लागत. नपुंसकलिंगी "तें दूध", तृतीयेचं "विळीनें", "मीं केलें", सप्तमीचं "घरांत". मोठीआईच्या वहीत हे सगळे अनुस्वार जागच्या जागी आहेत. शिवाय ती "कृति" ऱ्हस्व लिहिते, "रीति" ऱ्हस्व लिहिते. तेव्हा वही १९६२ च्या आधीची, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्यात दोन गोष्टी चुकत होत्या. पहिली बारीक आहे, पण सहज फसवते. "भांड्यांत" हा अनुस्वार जुना असेलच असं नाही. भांडी अनेक असतील तर आजच्या नियमानंही तो लागतोच. म्हणून सप्तमीच्या अनुस्वारावर विसंबायचं तर आधी एकच भांडं आहे की चार, हे त्या कृतीत बघावं लागतं. "तें", "कांहीं", "नाहीं", "मीं" हे शब्द जास्त भरवशाचे, कारण तिथे अनेकवचनाचा घोटाळा होत नाही.

दुसरी चूक मोठी होती आणि ती मला वहीच्या शेवटच्या पानांनी दाखवली. ती पानं बॉलपेननं लिहिलेली आहेत. बॉलपेन ओळखायला भिंग लागत नाही. पान उलटं करून बोट फिरवलं की अक्षरांचे उंचवटे लागतात, कारण टाकापेक्षा कितीतरी जास्त दाब द्यावा लागतो, आणि वळणावर शाईचा एखादा चिकट ठिपका राहिलेला असतो. बॉलपेन जगात विकायलाच आलं ते दुसरं महायुद्ध संपत असताना, आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात पोचलं ते त्याच्याही बऱ्याच नंतर. आणि त्या बॉलपेनच्या पानांवर मोठीआई अजूनही "नाहीं" आणि "घालावें"च लिहिते आहे. एक अनुस्वार हललेला नाही.

म्हणजे शुद्धलेखनानं मला पानाचं वय सांगितलंच नव्हतं. त्यानं सांगितलं होतं की ही बाई शाळेत कधी गेली. ती गेली १९२० च्या दशकात, आणि तिथे शिकलेलं तिनं जन्मभर पाळलं. चौदाव्या वर्षी लग्न होऊन शाळा सुटलेल्या बाईला पन्नाशीत कोणी नवे नियम शिकवायला येणार होतं? अनुस्वार आहेत म्हणून कागद जुना, हे अनुमान तेव्हाच धरतं जेव्हा लिहिणाऱ्याचं वय आपल्याला दुसरीकडून माहीत असतं. उलटही तसंच. अनुस्वार नाहीत म्हणून १९६२ नंतरचं, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. ते टाकून द्यावेत हा वाद नियम होण्याच्या पुष्कळ आधीपासून चालू होता आणि काही जण आधीच ते गाळून लिहीत होते.

मग मी शाईकडे वळले. खिडकीतून तिरपा प्रकाश येतो अशा जागी सकाळी वही धरायची आणि एकेक पान बघायचं. घरातल्या दिव्यात सगळ्या शाया सारख्याच दिसतात, हे अनुभवानं सांगते.

वहीत तीन शाया आहेत. सुरुवातीची वीसेक पानं तपकिरी दिसतात. ती मुळात तपकिरी नव्हती. ही जुनी निळी-काळी शाई. हिरडा किंवा मायफळासारख्या तुरट फळांचा अर्क आणि हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ, यांच्या संयोगानं तिला रंग येतो. लिहिताना दिसावी म्हणून कारखानदार तिच्यात निळा रंग घालत. हवा लागली की ती काळी पडते आणि पुढे वर्षानुवर्षं गंजाच्या रंगाकडे झुकत जाते. तिच्यात आम्ल असतं, म्हणून जाड फराट्यांच्या जागी ती पानाच्या पाठीमागे उमटते, क्वचित कागदाला भोकसुद्धा पाडते. मोठीआईच्या "ळ"च्या गाठी मागच्या पानावर तपकिरी ठिपक्यांसारख्या दिसतात. शिवाय या पानांवर एक लय आहे. तीन-चार शब्द गडद, मग फिकट, आणखी फिकट, आणि एकदम पुन्हा गडद. टाक दौतीत बुडवला की गडद. ही लय असली म्हणजे फाउंटन पेन नाही, कारण त्यात शाई सारखी उतरत राहते.

मधली पानं जांभळट निळी आहेत. ती पुडीची किंवा वडीची शाई, पाण्यात कालवून करायची. नुसता रंग, लोह नाही. म्हणून ती तपकिरी होत नाही, पण पाण्याचा थेंब पडला की पसरते. करंज्यांच्या पानावर असा एक डाग आहे आणि त्याखालचे दोन शब्द मला आजही लागलेले नाहीत. (कुणी सुचवलं की ओल्या कापसानं टिपून बघ. कृपा करून जुन्या वहीला कधीही पाणी लावू नका.) आणि शेवटी बॉलपेन.

शाईनं सालं दिली नाहीत. निळी-काळी शाई कितीतरी दशकं विकली जात होती. पण शाईनं त्याहून उपयोगाचं काहीतरी दिलं. वही एका बैठकीत लिहिलेली नाही, तिला थर आहेत. तेव्हा "वही कधीची" हा प्रश्नच चुकीचा होता. कुठला थर कधीचा, असं विचारायला हवं होतं.

कागदाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. यंत्राचा, छापील रेघांचा, लाकडाच्या लगद्याचा कागद. कडा पिवळ्या आणि ठिसूळ. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला छापील कोष्टकं उरली आहेत: बारा पै म्हणजे एक आणा, सोळा आणे म्हणजे एक रुपया, चाळीस शेर म्हणजे एक मण. म्हणजे वही छापली ती १९५७ पूर्वी, दशमान नाणी येण्याआधी. पण छापली कधी आणि लिहिली कधी, यात कितीही वर्षं जाऊ शकतात. अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च अंधारात वहीवर मारून पाहिला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून साधारण १९५० पासून त्यात जी द्रव्यं घालू लागले ती या प्रकाशात निळसर चमकतात. वहीची पानं काळोखीच राहिली. याचा अर्थ वही १९५० पूर्वीची, असा होत नाही, कारण स्वस्त वह्यांत ती द्रव्यं नंतरही नसायची. पण शिवणीवर खळीनं चिकटवलेली कागदाची पट्टी मात्र लख्ख चमकली. म्हणजे वही फाटली आणि कुणीतरी ती सांधली, ते पुष्कळ नंतर. चमकलं तर काही सिद्ध होतं, न चमकलं तर काहीच नाही.

राहिले शब्द. इथे मला वाटलं होतं की जुने शब्द मदत करतील. "अंमळ", "अच्छेर", "नवटांक" असे शब्द पानोपानी आहेत. त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. माणसं जुने शब्द सोडत नाहीत. माझी आई आजही "पावशेर दूध" म्हणते. कामाला येतात ते नवे शब्द, कारण वस्तू यायच्या आधी तिचं नाव कुणी लिहू शकत नाही.

अकराव्या पानावर, शंकरपाळ्यांच्या कृतीत, मला "डालडा" सापडला आणि मी अक्षरशः टाळी वाजवली. डालडा बाजारात आला १९३७ साली. म्हणजे तपकिरी थर १९३७ नंतरचा! आईला लगेच फोन केला. ती ऐकून म्हणाली, "नीट बघ. मोठीआई डालड्याच्या वाऱ्याला उभी राहायची नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी पुन्हा पाहिलं. मूळ ओळ तपकिरी: "तुपाचें मोहन घालावें." आणि "तुपाचें"च्या डोक्यावर, बारीक अक्षरात, जांभळट शाईनं: "डालडा चालेल". शब्द नंतर घुसडलेला. रात्री दिव्याखाली मला दोन्ही शाया एकच वाटल्या होत्या. डालड्यानं जांभळ्या थराबद्दल सांगितलं, तपकिरी थराबद्दल काही नाही. तेव्हापासून कुठलाही पुराव्याचा शब्द सापडला की मी आधी बघते, तो ओळीत बसलाय का, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शब्दाची शाई तीच आहे का, टाकाची गडद-फिकट लय त्याच्यातून तुटल्याशिवाय जाते का.

ही सगळी परीक्षा पास होणारा शब्द चौथ्या पानावर निघाला. घावनांची कृती. तपकिरी शाई, सलग ओळ, "रेशनचा" गडद आणि "तांदूळ" फिकट होत गेलेला: "रेशनचा तांदूळ असल्यास पाणी अंमळ कमी घालावें." मुंबईत रेशनिंग सुरू झालं २ मे १९४३ रोजी. तेव्हा हे पान त्याआधी लिहिलं जाणं शक्य नाही. नंतर कितीही वर्षांनी लिहिलेलं असू शकतं, कारण रेशन हा शब्द आपल्याकडून गेलाच नाही. पण लग्नात माहेरून आणलेली वही, हे मात्र आता टिकेना.

आईला हे सांगायला मला जड गेलं. ती गप्प राहिली आणि म्हणाली, "पण त्या कृती तिच्या आईच्याच आहेत. ती तसं म्हणायची." मला वाटलं, आठवणीची माया. मग सहाव्या पानावर एक खोडलेली ओळ होती तिच्याकडे मी नव्यानं पाहिलं.

सुंठवड्याच्या कृतीत ती लिहिते, "मग खोबरें किसून घालावें", मग ही ओळ खोडते, "मग सुंठ कुटून घालावी" लिहिते, आणि त्याच्याखाली पुन्हा "मग खोबरें किसून घालावें". मनातून लिहिणारा माणूस असं चुकत नाही. दोन लागोपाठच्या ओळी "मग"नं सुरू होत असतील आणि समोर ठेवलेल्या कागदावरून आपण उतरवून घेत असू, तर डोळा पहिल्या "मग"वरून दुसऱ्या "मग"वर उडी मारतो. मी स्वतः टाइप करताना तीच चूक त्याच जागी केली होती. म्हणून तर ती मला ओळखता आली. पहिल्या नऊ पानांत अशा तीन जागा सापडल्या, पुढे एकही नाही. ती पानं नक्कल आहेत. कुठलीतरी आधीची वही होती, बहुधा तिच्या आईची, ती जीर्ण झाली असेल, आणि युद्धकाळात किंवा त्यानंतर केव्हातरी मोठीआईनं ती उतरवून घेतली. रेशनच्या तांदळाची सूचना तिनं स्वतःची घातली. माझा पुरावा लिहिण्याच्या वेळेचा होता, आई बोलत होती मजकुराबद्दल.

नकलेची आणखी एक खूण चौदाव्या पानावर आहे. तिथे मोठीआई एकाएकी "अुकळावें" आणि "अितर" लिहिते, अ ला उकार आणि वेलांटी. सावरकरांच्या लिपिसुधारणेतली ही अ ची बाराखडी त्या काळात काही छापखान्यांनी उचलली होती. वहीत इतरत्र सगळीकडे ती सरळ "उ" आणि "इ" लिहिते. म्हणजे ते पान कुठल्यातरी छापील मासिकातून जसंच्या तसं घेतलेलं.

आणि आता ते पान, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. हिशेबाचं पान, जांभळट शाईतलं जवळजवळ शेवटचं.

"जायफळ १ – १९ न. पै.
दोरा रीळ – १२ न. पै.
काड्यापेटी – ६ न. पै.
३७ न. पै. (६ आणे)"

न. पै. म्हणजे नवे पैसे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १ जून १९६४ पासून "नवे" हा शब्द अधिकृतपणे गळाला. एवढ्यानंच पान सात वर्षांत येतं, दोन्ही बाजूंनी बांधलेलं. इतकी घट्ट चौकट वहीत दुसरीकडे कुठेही नाही. पण आकडे त्याहून जास्त बोलतात. जायफळाला एकोणीस पैसे ही काय किंमत झाली? कुठला वाणी मनानं एकोणीस म्हणेल? सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, सहा आणे म्हणजे ३७. जायफळ तीन आण्यांचं होतं, दोरा दोन आण्यांचा, काड्यापेटी एका आण्याची. वाण्याचे भाव अजून आण्यांतच होते, फक्त नवं नाव लावलेलं. काही वर्षं जुनी आणि नवी नाणी बरोबरीनं चालत होती तो हा काळ. पुढे भाव २०, १५, ५ असे गोल झाले असते. आणि कंसातले "६ आणे" पाहा. बेरीज नव्या पैशांत करून झाल्यावर तिनं ती आण्यांत फिरवून पाहिली, आपण फसलो नाही ना याची खात्री करायला. म्हणून मी हे पान १९५७ ते १९६० च्या दरम्यानचं मानते. शेवटचं साल अंदाज आहे, पहिलं नाही.

वहीच्या पुठ्ठ्याला लावायची चिठ्ठी मी पेन्सिलनं लिहिली, कारण पुढे काही निघालं तर खोडता यावं. पहिली नऊ पानं: मूळ मजकूर जुना, नक्कल १९४३ नंतरची. जांभळा थर: १९६४ पूर्वी संपलेला, त्यातलं हिशेबाचं पान १९५७ नंतरचं. बॉलपेन: त्याही नंतरचं.

फक्त बॉलपेनच्या शेवटच्या पानाचं काय करायचं ते कळत नव्हतं. तिथलं अक्षर वेगळं होतं. गोल, मोठं, रेघेवर टेकवून काढलेलं. चकलीची कृती: "भाजणी १ किलो. मोठीआईने सांगितले की मोहन कडकडीत घालावे." एकही जुना अनुस्वार नाही. शेर नाही, किलो आहे. किलो देशभर सक्तीचा झाला १९६२ च्या एप्रिलमध्ये, आणि हे अक्षर नव्या नियमांनी शाळा शिकणाऱ्या मुलाचं. मी पानाचा फोटो काढून आईला पाठवला आणि विचारलं, "हे कोणाचं असेल?"

तिचा बराच वेळ काही निरोप नाही. मग फोन आला. "माझं आहे गं," ती म्हणाली. "सातवीत होते. शाळेत बॉलपेन चालायचं नाही, अक्षर बिघडतं म्हणायचे. म्हणून घरी मिळेल त्या कागदावर लिहायचे मी. तिनं विचारलं, माझ्या वहीत लिहितेस का? तिला तेव्हा दिसत नव्हतं नीट." आई १९५६ ची. सातवी म्हणजे १९६८ च्या आसपास.

मी पेन्सिल घेऊन चिठ्ठीवर तेवढं साल घातलं आणि आईला विचारलं, मोहन कडकडीत म्हणजे नेमकं किती. ती म्हणाली, भाजणीवर ओतलं की चुर्र वाजलं पाहिजे.